टोरेची चौकटींची वही

स्वीडनमधल्या ओस्टरसुंडच्या बस डेपोत कुणालाही विचारा, टोरे कसा माणूस आहे, तर उत्तर ठरलेलं: सरळ माणूस. चाळीस ड्रायव्हरांच्या पाळ्या लावायचं काम त्याच्याकडे होतं, आणि अशा खुर्चीत बसणाऱ्याबद्दल कुणी बरं बोलत नाही हे जगजाहीर आहे. पण टोरेच्या पाळ्यांना नाव ठेवायला जागा नसे. नाताळात गाडी चालवली त्याला जूनमधला मिडसमरचा सण घरी. पहाटेची गाडी सलग पाच दिवसांच्या वर कुणाला नाही. रूने नावाचा म्हातारा ड्रायव्हर, ज्यानं आजवर कुणाची स्तुती केलेली नाही, तोही म्हणायचा, "हा पोरगा स्वतःच्या आईलाही सवलत देणार नाही."

घरीही तसाच, असं सगळे म्हणत. बायको इल्वा हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. मुलगी मायकेन, साडेपाच वर्षांची. मायकेन झाली तेव्हा आईबापांना मिळून मिळते त्या रजेतली अर्धी टोरेनं घेतली होती, दिवस मोजून, आणि बाबागाडी ढकलत तळ्याकाठी असा फिरायचा की जणू गाडीत पदक ठेवलंय. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण पुढं बालवाडीच्या पालकसभेत त्यानं जो तमाशा केला तो गावाला अजून आठवतो. पोर आजारी पडलं की बालवाडीवाले आधी आईलाच फोन करतात, म्हणून हा उभा राहिला. म्हणाला, "बाप काय शोभेला आहे का? आमच्या यादीत माझा नंबर वर लिहा." मायकेनची शिक्षिका गुनवोर तीस वर्षं त्या बालवाडीत होती. तिनं पेन काढलं, इल्वाचा नंबर खोडला आणि टोरेचा वर लिहिला. दोन-तीन आयांनी टाळ्या वाजवल्या. इल्वाच्या मैत्रिणी तर तिला म्हणायच्या, "तुझ्यासारखं नशीब नाही बाई."

आता त्या वहीबद्दल सांगतो, जिच्याबद्दल गावाला ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर इल्वानं पूर्ण वेळ काम धरलं. त्याच आठवड्यात मायकेनला पोटाची साथ लागली. टोरे तीन दिवस घरी राहिला, चादरी धुतल्या, बादली घासली. शुक्रवारी इल्वा दमून आली, आणि कोट काढता काढता डिशवॉशर उघडून त्यानं लावलेल्या बश्या पुन्हा आपल्या पद्धतीनं लावायला लागली. ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही. बोलला असता तर दोन मिनिटांत विषय संपला असता. पण टोरे भांडण न करणारा माणूस. त्यानं दाराजवळच्या बुटांच्या बाकाखालचा खण उघडला, हातमोज्यांखालून एक चौकटींची वही काढली, आणि डेपोत पाळ्या मांडतो तशी मांडली. निळी चौकट त्याची, पिवळी तिची.

आधी फक्त आजारपणाचे दिवस होते. मग स्वयंपाक आला, बर्फ काढणं आलं, बालवाडीत सोडणं-आणणं आलं. भरताना बरं वाटायचं त्याला, हे खोटं कशाला बोलू. कुणीतरी बघतंय असं वाटायचं. निळा रंग वाढत गेला तसतसा तो घरात जास्त गोड वागायला लागला, कारण मनातल्या मनात तो जिंकत होता. इल्वा "थँक यू" म्हणाली की "त्यात काय" म्हणायचा आणि रात्रीच्या जेवणानंतर चौकट भरायचा.

एकदा मायकेननं त्याला रंगवताना पकडलं. तिच्या बालवाडीत भिंतीवर असाच तक्ता होता, कुणी फुलांना पाणी घातलं की चांदणी. तिला वाटलं तसलंच काही.

"पप्पा, मी भरू का एक?"

त्यानं तिला पिवळी पेन्सिल दिली. आणि म्हणाला, "मम्माला नाही सांगायचं हं. आपलं दोघांचं गुपित."

हे वाक्य पुढं आयुष्यभर त्याच्या कानात राहणार होतं, पण त्या वेळी त्याला ते गंमतीचं वाटलं.

फेब्रुवारीतला बुधवार. सकाळी इल्वा दारात बूट चढवत म्हणाली, "आज माझं मोठं ऑपरेशन आहे, दुपारपर्यंत आत असेन. फोन कपाटात." टोरे कॉफी ओतत होता. "हो," म्हणाला. ऐकलं होतं त्यानं. नीट ऐकलं होतं. मायकेन पावाचा एक घास घेऊन बसली होती, तोही चावत नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटांनी डेपोत उन्हाळी वेळापत्रकाची बैठक चालू असताना टेबलावरचा फोन थरथरला. बालवाडी. टोरेच्या डोळ्यांपुढं आली ती मायकेन नाही, वही आली. आजारपणाच्या ओळीत निळ्या नऊ, पिवळ्या चार. त्यातल्या शेवटच्या तीन लागोपाठ निळ्या. त्यानं मनात म्हटलं, आज तिचा दिवस आहे. आणि फोन पालथा घातला.

पावणेअकराला पुन्हा वाजला. साडेअकराला पुन्हा. दर वेळी तो स्वतःला समजावत राहिला की आता इल्वाला लावतील, ती बाहेर आली असेल, दुसरी नर्स उभी राहील तिच्या जागी. आणि तोंडानं तो ड्रायव्हरांच्या संघटनेच्या माणसाला समजावत होता की वाटणी न्याय्य का असावी. बारा चाळीसला बैठक संपली. फोन उलटा केला तर पाच हुकलेले फोन आणि गुनवोरचा निरोप: मायकेनला ताप आहे, दोनदा उलटी झाली, इल्वाचा फोन लागत नाही.

मायकेन बालवाडीच्या दर्शनी खोलीत, आपल्या नावाच्या खुंटीखाली बाकावर बसली होती. अंगात बर्फात घालायचा जाड पोशाख, गळ्यापर्यंत बंद, पायात बूट, मांडीवर बादली. गाल लाल. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"काढून घे म्हटलं, आत येऊन झोप म्हटलं," गुनवोर म्हणाली. "ऐकेना. आता कुणीतरी येईल म्हणते. अडीच तास तशीच बसलीये." मग चष्म्यावरून त्याच्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली, "टोरे, पहिला फोन तुलाच करायचा असं तूच सांगितलं होतंस ना?"

"फोन सायलेंटवर राहिला," टोरे म्हणाला.

"असं होय," गुनवोर म्हणाली, आणि मायकेनच्या ओल्या कपड्यांची पिशवी त्याच्या हातात दिली.

पिशवीबरोबर एक चिठ्ठीही दिली. मायकेनच्या जादा कपड्यांच्या पेटीत घालण्याजोगी पँट नव्हती. होती ती आखूड झाली होती. म्हणून बालवाडीची जुनी पँट घातली होती, धुऊन परत आणावी. टोरेनं चिठ्ठी वाचली आणि त्याच्या ध्यानात आलं की त्या पेटीत काय असतं, कोण ठेवतं, मायकेनचं माप काय, यातलं त्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नाही. वहीत पेटीची ओळच नव्हती. दाताच्या तपासणीची नव्हती, लसीची नव्हती, कुणाच्या वाढदिवसाला काय न्यायचं याची नव्हती. जे त्याला दिसत नव्हतं ते त्यानं मोजलंच नव्हतं. पाळ्या लावणारा माणूस, आणि अर्ध्या गाड्या त्याच्या कागदावरच नाहीत.

इल्वा दोन वाजता धावत घरी आली. थिएटरातल्या टोपीच्या खुणा अजून कपाळावर होत्या. आल्या आल्या तिनं मायकेनला हात लावला आणि मग टोरेकडे वळून म्हणाली, "चूक माझी. मी कुणालातरी फोनकडे लक्ष ठेवायला सांगायला हवं होतं. तुझी बैठक होती, माहीत होतं मला. सॉरी."

खरं बोलायचा क्षण तो. तोंड उघडलंही त्यानं. आणि जे बाहेर पडलं ते होतं, "असू दे."

ती पुन्हा सॉरी म्हणाली, जेवताना. आणि पुन्हा एकदा, मायकेनला झोपवून आल्यावर. दोन्ही वेळा टोरेनं मान हलवून तिला मोठ्या मनानं माफ केलं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. त्याला किती वाटली असेल विचारा.

उलटी थांबल्यावर दोन दिवस पोर घरी ठेवायचं, असा बालवाडीचा नियम. गुरुवारी टोरे घरी राहिला. रजेवर राहतो म्हणताना त्याला आपण काहीतरी फेडतोय असं वाटलं, तेवढ्यापुरतं बरंही वाटलं. सकाळी मायकेन सोफ्यावर रजईत बसून, पोट बिघडल्यावर देतात ते ब्लूबेरीचं कोमट सूप चमच्याचमच्यानं पीत होती. ओठ जांभळे झाले होते. बराच वेळ ती काहीतरी हिशोब करत होती.

"पप्पा, आज निळी का?"

"काय निळी?"

"चौकट. आज तू घरी आहेस. मग निळी दहा. पण ते बरोबर नाही होत."

टोरेनं रजई तिच्या पायांवर नीट ओढली.

"मला मंगळवारीच पोटात दुखत होतं," मायकेन म्हणाली. "झोपताना. पण मी बोलले नाही. तुझे खूप झाले होते ना. आणि मम्माचं मोठं ऑपरेशन होतं. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबते. शनिवारी सुट्टी, शनिवार कुणाचाच नसतो." मग जरा खालच्या आवाजात, "पण नाही थांबता आलं."

टोरे उठला आणि भांडी घासायच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. नळ सोडला. साडेपाच वर्षांची पोर रात्रभर पोट धरून पडली होती, बापाच्या चौकटी बिघडू नयेत म्हणून. आणि तो नऊला चार असे आकडे धरून बसला होता. त्याला स्वतःची इतकी घाण वाटली की टाकीवरच्या खिडकीच्या काचेत तोंड दिसू नये म्हणून त्यानं खाली बघितलं.

इल्वा साडेचारला आली. मायकेन आतल्या खोलीत झोपली होती. बुधवारच्या चादरी वाळल्या होत्या, आणि मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. टोरे एक टोक धरून उभा राहिला, इल्वानं दुसरं धरलं.

"फोन सायलेंटवर नव्हता," टोरे म्हणाला.

इल्वानं चादरीचं टोक खाली केलं.

"मी बघितला वाजताना. पाची वेळा नाही, पण तीन वेळा बघितला. तू आत आहेस हेही माहीत होतं. तुझा दिवस आहे म्हणून उचलला नाही."

"माझा दिवस म्हणजे?"

मग त्यानं खणातली वही आणून दिली. इल्वानं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. मधेच एक पिवळी चौकट होती, रंग रेघेबाहेर गेलेला. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"ही मायकेननं भरली?"

"हो."

"तिला माहीत आहे?"

त्यानं मंगळवारच्या पोटदुखीचं सांगितलं. शनिवारचंही सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना आवाज फुटला, तरी सांगितलं.

इल्वानं वही मिटली. चादरीचं टोक पुन्हा उचललं आणि शांतपणे घडी पुरी केली, कोपऱ्याला कोपरा लावून. मग म्हणाली, "काल मी तुझी तीन वेळा माफी मागितली, टोरे. आणि तू 'असू दे' म्हणालास."

टोरेनं घडी तिच्या हातून घेऊन बाजूला ठेवली.

"या वहीत माझं किती सुटलंय ते मी आत्ता बसून सांगू शकते," ती म्हणाली. "तासभर सांगेन. पण नाही सांगणार. एकदा सांगितलं की मीही मोजायला लागले. मग घरात दोन कारकून आणि मधे ती पोर. मला या वहीत यायचंच नाही."

"फाडून टाकतो."

"नाटक नको. रद्दीत टाक." मग खुर्चीवर बसली आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "पण तू लिहायला का लागलास, ते सांग. त्यात काहीतरी असणारच."

डिशवॉशरच्या बश्या. सांगताना टोरेला मेल्याहून मेल्यासारखं झालं, इतकी क्षुल्लक गोष्ट. इल्वा मात्र हसली नाही. "मी करते तसं," ती म्हणाली. "तुझ्या हातचं पुन्हा करते. माझी आईही करायची, बापाच्या मागून ओटा पुसायची. मला वाटलं तुला दिसत नाही."

"दिसतं."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

शुक्रवारी मायकेनजवळ इल्वा राहिली. टोरे कामावर गेला तेव्हा ड्रायव्हरांच्या खोलीत रूने बसला होता, पेपर वाचत, पाय लांब करून. तो त्या दिवशी राखीव होता. रोज एक ड्रायव्हर राखीव असतो, कुणी आजारी पडलं की यानं उठायचं. कोण राखीव, ते आदल्या दिवशी ठरतं. मागच्या महिन्यात किती वेळा उठावं लागलं, ते कुणी विचारत नाही. टोरेनंच लावलेली पद्धत.

"रूने, तुला राखीव असताना वैताग येत नाही? एखाद्याला दहादा उठवतात, एखाद्याला एकदाही नाही."

"फोन आला की जायचं," रूने म्हणाला. "बस रस्त्यात उभी असते बाबा. तिथं काय हिशोब करत बसायचं?"

टोरेनं मान खाली घातली. चाळीस ड्रायव्हरांसाठी त्याला जे सुचलं होतं, ते एका लेकीसाठी सुचलं नव्हतं.

तेव्हापासून त्या घरात रविवारी दुपारी कॉफी आणि वेलचीच्या पावाबरोबर अर्धा तास बसणं सुरू झालं. फक्त येणारा आठवडा. गेलेल्या आठवड्याचं नाव काढायचं नाही, आभार मानायचे असतील तरच. कुठल्या दिवशी बालवाडीचा फोन आला तर कोण उठणार, ते त्या दिवसाकडे बघून ठरायचं: इल्वा थिएटरात असेल तर टोरे, टोरेची बैठक असेल तर इल्वा, दोघंही अडकले तर खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शेजारणीला आधीच सांगून ठेवायचं. आणि गुनवोरला त्या आठवड्याचे नंबर कळवायचे.

कामांचं म्हणाल तर अर्धं-अर्धं करायचं त्यांनी सोडून दिलं. एकेक काम ज्याचं त्याचं, मुळापासून शेंड्यापर्यंत. मायकेनचे कपडे टोरेकडे आले. धुणं एवढंच नाही. माप वाढलं का बघणं, पुढच्या मापाची पावसाळी पँट आधी आणून ठेवणं, खुंटीखालच्या पेटीत दोन जोड आहेत का बघणं, शुक्रवारी चिखलाचे कपडे घरी आणणं. इल्वाला विचारायचं नाही, आणि इल्वानं मागून बघायचं नाही. पहिल्याच आठवड्यात टोरेनं एकाच हाताचे दोन हातमोजे पाठवले. इल्वाला दिसलं. ती ओठ चावून खिडकीबाहेर बघत राहिली. मायकेननं ते दिवसभर तसेच घातले आणि तिचं काही बिघडलं नाही. दात, लसी, वाढदिवस इल्वाकडे राहिले, ते तिला आवडायचे. स्वयंपाक आणि भांडी एकाच माणसानं, आळीपाळीनं आठवडाभर, म्हणजे बश्यांची भानगडच नको.

काम सारखं झालं का? कुणास ठाऊक. ते बघायचं सोडलं त्यांनी. बघायचं ते एवढंच, की दोघांनाही पाय पसरायला तेवढाच वेळ मिळतोय ना. मंगळवारची संध्याकाळ इल्वाच्या गाण्याच्या मंडळाची, गुरुवारची टोरेच्या हॉकीची, त्याला हात लावायचा नाही. आणि दमलं तर त्याच दिवशी म्हणायचं, "मी दमलोय." "तू केलं नाहीस" असं नाही. टोरेला हे वाक्य जमायला महिना लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा कान लाल झाले होते त्याचे. इल्वा म्हणाली, "मग झोप जा," आणि तो झोपला, आणि काहीही कोसळलं नाही.

पालकसभेत एप्रिलमध्ये कुणीतरी त्याचं उदाहरण दिलं, की बाप असावा तर असा. टोरे उठला आणि म्हणाला, "फेब्रुवारीत माझी मुलगी अडीच तास बाकावर बसून होती, कारण मी फोन मुद्दाम उचलला नाही." खोलीत कुणाला कुठं बघावं कळेना. गुनवोरनं चष्मा काढून पुसला. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.

बर्फ वितळून रस्ते चिखलाचे झाले तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, टोरे दारात बूट घालत होता. त्या दिवशी फोन आला तर त्यानं उठायचं होतं. इल्वा केसाला रबर लावत होती. मायकेन पावाचा घास हातात धरून बसली होती, चावत नव्हती. तिनं आधी बाकाखालच्या खणाकडे बघितलं. मग बापाच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, रस्ता ओलांडण्याआधी बघतात तसं.

"पप्पा, माझं पोट दुखतंय," ती म्हणाली. "चालेल का?"

पोट दुखायला परवानगी मागत होती पोर, आणि ती सवय तिला त्यानंच लावली होती. त्यानं बूट काढले, तिच्याजवळ जाऊन बसला आणि कपाळाला हात लावला.

"चालेल," तो म्हणाला. "कधीही दुखू दे. लगेच सांगायचं."

मायकेननं मान हलवली. पण तिचा पूर्ण विश्वास बसला नव्हता, हे त्याला दिसलं. तो डेपोत फोन करायला उठला.